वाडीचा रकाना

माझ्या लेकीला सांभाळणारी गीतामावशी आली की आधी मोरीत पाय धुते, मग नंदूला उचलते, आणि मगच माझ्याशी बोलते. त्या बुधवारी तिने पाय धुतले नाहीत. उंबऱ्यातच बसली. नंदू पाळण्यातून हात पसरून तिच्याकडे बघत "ऊं, ऊं" करत होती, तरी मावशी उठली नाही.

"मावशी, काय झालं?"

"सारिकाला पाळीवरून काढली."

सारिका तिची सून. तुडीलच्या खालच्या बौद्धवाडीतून रोज औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला जाते. एका औषध कंपनीत गोळ्यांची पावडर डब्यांत भरायची, झाकणं लावायची, चिकटपट्टी मारायची. कामावर कंपनीने घेतलेलं नाही, मजूर पुरवणाऱ्या एजन्सीने. बसपाशी कागद घेऊन उभा असतो तो एजन्सीचा दीपेश जिचं नाव वाचेल ती बाई चढणार, जिचं वाचणार नाही ती घरी.

"का काढलं?"

"म्हने दिवस गेलेल्या बाईला पावडरीच्या खोलीत ठेवत नाय." मावशीने पदराने तोंड पुसलं. "मी तिची सासू. एका चुलीवर जेवतो आमी. मला म्हाईत नाय, आनि त्या दीपेसला म्हाईत? कुनी सांगितला त्याला?"

"सारिकाने विचारलं नाही?"

"विचारला. तर तो हसला. म्हनला, आमाला सगला कलतंय." मावशी हळू आवाजात म्हणाली, "दोन येलेला पोटातला पडलाय तिचा. आता सगली वाडी तिच्या पोटाकडं बघतंय. काल तिनं मलापन सांगितला, आई, मला विचारू नको. मग मी नाय विचारला."

मी नंदूला उचलून कडेवर घेतलं. पुढचं वाक्य काय येणार ते मला कळलं होतं.

"कुनाला बोलली नाय ती. फक्त तो फोनमधला फारम भरत होती, तुमचा. तोपन अर्धाच टाकलान."

तुमचा. म्हणजे माझा.

*

महाडात औषधांच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तिथे आमचं ऑफिस. हर्षद सर, मी, आणि एक मुलगा जो पुण्यातून लॉगिन करतो आणि ज्याला मी अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. नंदू झाल्यापासून मी अर्धा दिवस तिथे आणि अर्धा दिवस घरून काम करते. त्याच एजन्सीसाठी आम्ही ॲप केलं, त्याचं नाव ‘हजेरी’. नवीन कामगारांनी त्यात नोंदणी करायची, आणि जुन्यांनीही महिनाअखेरपर्यंत पुन्हा करायची, असा एजन्सीचा हुकूम होता.

नोंदणीच्या पायऱ्या सहा. वाडी निवडून मोबाईल नंबर टाकायचा. ओटीपी. नाव, वय, स्त्री की पुरुष. मग आरोग्याचे प्रश्न, एका पडद्यावर एकच, म्हणजे ज्यांना वाचायला वेळ लागतो त्यांना गोंधळ नको. मग आधारचा फोटो. मग झालं.

पहिल्या महिन्यात चारशे बारा वेळा नोंदणी सुरू झाली आणि एकशे अडतीस वेळा पुरी झाली. हर्षद सर म्हणाले, "लोक गळतायत कुठे ते शोध. जे सोडून गेले त्यांचे नंबर काढ, एजन्सी फोन करेल त्यांना."

मी नाही म्हटलं. तेव्हा मला स्वतःचा किती अभिमान वाटला होता! ज्याने फॉर्म पुरा केला नाही, त्याने आपल्याला काही दिलेलंच नाही, मग ते घ्यायचं कशाला, असं मी ठणकावून म्हटलं. मी फक्त खुणा ठेवल्या, वेळेसकट. पायरी उघडली, एक खूण. पायरी पुरी झाली, एक खूण. चूक आली तर चुकीचा क्रमांक, लोकांनी काय टाइप केलं ते नाही. नाव नाही, नंबर नाही, कुठलंही उत्तर नाही. आयपी पत्ता सर्व्हरवरच टाकून दिला. प्रत्येक नोंदणीला एक उगीचचा यादृच्छिक आकडा, ॲप बंद केलं की तोही गेला. एकच बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा आली तर आमच्या हिशोबी ती दुसरीच कोणी. आकड्याला माणूस कळत नाही, असं मी सरांना सांगितलं होतं. अगदी हेच शब्द.

आणि त्या खुणांमध्ये मी एक रकाना जोडला. वाडी.

कारण चांगलं होतं, हे आजही सांगते. सर्वांत जास्त गळती ओटीपीवर होती, आणि मला शंका होती की पोलादपूरकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर रेंजच नसते. रकाना जोडला आणि दोन दिवसांत दिसलं. घाटाखालच्या वाड्यांवर ओटीपी तीन तीन मिनिटांनी पोचत होता आणि आम्ही तो साठ सेकंदांत मारून टाकत होतो. मी मुदत पाच मिनिटं केली. ओटीपीवरची गळती एकशे चाळीसवरून एकवीसवर आली. हर्षद सरांनी पेढे आणले. एजन्सी खूष झाली, सरांनी एजन्सीला आकड्यांच्या पानाचं लॉगिन देऊन टाकलं, आणि मी हो म्हटलं. नावं कुठे होती त्यात, भ्यायचं कशाला?

काम झाल्यावर तो रकाना काढायचा होता. माझ्या वहीत तसं लिहिलंयसुद्धा, ‘वाडी काढणे’. त्या आठवड्यात नंदूला ताप आला, वही मिटली ती मिटलीच.

ओटीपीचं भोक बुजल्यावर खालचं भोक दिसायला लागलं. आरोग्याच्या पायरीवरचा सहावा पडदा. ‘आपण गरोदर आहात का?’ तिसऱ्या पायरीवर जी ‘स्त्री’ निवडेल तिलाच तो दिसायचा. सत्त्याण्णव वेळा तो पडदा उघडला. एकसष्ट वेळा पुढची खूण आलीच नाही.

मी सरांना म्हटलं होतं, हा प्रश्न नोंदणीत नकोच. ते म्हणाले, क्लायंटला हवाय. विषय संपला.

*

मावशीला पाणी दिलं, नंदूला तिच्या मांडीवर ठेवलं, आणि लॅपटॉप उघडला. बायकांची नोंद आम्ही ठेवत नव्हतो, पण आकड्यांचं पान कोण बघतो त्याची ठेवत होतो. कोणत्या लॉगिनने, किती वाजता, कोणता फिल्टर लावून. ही शिस्तही माझीच. सोमवारची ती नोंद उघडली.

दीपेशचं लॉगिन. अकरा वीसला फिल्टर: आरोग्य, पडदा सहा, उघडला पण पुरा नाही. अकरा बावीसला वाडी: तुडील, खालची बौद्धवाडी. पडद्यावर आकडा आला असणार: एक.

एक!

सात घरं आहेत त्या वाडीत. सातांतली चार मुंबईला. उरलेल्या घरांतून वसाहतीत पॅकिंगला जाणारी बाई एकच. नाव लागतंच कशाला? नंबर कशाला? आमच्याकडे वाडी म्हणजे पत्ता नाही, वाडी म्हणजे घर, आडनाव आणि जात, सगळं एकदम. आणि मी, मॅडम, इंजिनीअर, सगळ्यांना सांगत फिरले की आम्ही काहीच साठवत नाही.

त्याच नोंदीत खाली त्याने अजून चौदा वाड्या लावून पाहिल्या होत्या. ओळीने. भात पाखडावा तसा.

मावशी नंदूला भरवत होती. "काय गावला काय गो?"

"मावशी," मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

तिने वर पाहिलं. तिला समजेल असं सांगायला मला दहा मिनिटं लागली. ऐकून झाल्यावर तिने नंदूच्या तोंडाला लागलेली पेज हाताने निपटली, तिला माझ्याकडे दिलं आणि पिशवी उचलली.

"मावशी, थांबा ना."

"आज नाय," ती म्हणाली. "आज मी तुज्यावर चिडलेय. चिडून पोराला हात लावू नये."

*

नंदूला कडेवर घेऊनच ऑफिसात गेले. आधी दीपेशचं लॉगिन बंद केलं, मग सरांना सांगितलं. उलटं केलं असतं तर बंद झालंच नसतं.

"तू कोणाला विचारून बंद केलंस?" हर्षद सर खुर्चीतून उठलेच.

"त्याने एका बाईला कामावरून काढलंय सर. आपल्या पानावरून."

"पानावर तिचं नाव आहे?"

"नाही."

"नंबर?"

"नाही."

"मग? तूच मीटिंगमध्ये म्हणालीस, आकड्याला माणूस कळत नाही. मी तेच क्लायंटला सांगितलंय. लेखी दिलंय, अंकिता!"

"मी चुकले."

"असं कसं चुकले? कायद्याने वैयक्तिक माहिती म्हणजे—"

"सर, तुमच्या वाडीत किती घरं?"

"दोनशे असतील."

"आमच्याही दीडशे. म्हणून आपल्या दोघांना वाडी हा नुसता पत्ता वाटला. सात घरांच्या वाडीत एक आकडा म्हणजे दारावरची पाटी असते. आणि तिने ‘हो’ दाबलेलंही नाही. ‘नाही’ही दाबलं नाही. पडदा उघडला आणि फोन ठेवला, एवढंच आपल्याला माहीत आहे. का ठेवला ते आपलं पान कधी सांगत नाही! कुत्रं भुंकलं असेल. दूध उतू गेलं असेल."

"दीपेश म्हणेल सुरक्षेसाठी केलं. पावडर असते—"

"सुरक्षा करायची तर कंपनीच्या डॉक्टरकडे विचारावं, बंद दाराआड. अर्धवट टाकलेला फॉर्म चाचपून नव्हे."

नंदूने सरांच्या टेबलावरचा स्टेपलर ओढला. सरांनी तो दूर ठेवला आणि जरा नरमाईने म्हणाले, "तू घरी जा. बाळ आहे सोबत, तापलीयेस. मी दीपेशशी बोलतो गोडीत. रकाना उद्या बघू."

"रकाना आज जाईल. ॲपमधून, साठ्यातून आणि बॅकअपमधूनही. वाडीऐवजी फक्त तालुका. वेळेऐवजी फक्त आठवडा. आरोग्याचे सहा पडदे मिळून एकच पायरी मोजायची. आणि जिथे आकडा वीसच्या खाली, तिथे पान काहीच दाखवणार नाही."

"मग त्या पानाचा उपयोग काय?"

"गळती कुठे आहे ते कळणं. तेवढाच होता. ते काम झालंय."

सर खुर्चीत बसले. मग म्हणाले, "हे सगळं पुसलंस तर दीपेशने काय केलं त्याचा पुरावाही जाईल. बघ बाई."

त्यांना वाटलं मी अडकेन. पण बायकांच्या खुणा वेगळ्या टेबलात होत्या आणि दीपेशने काय पाहिलं त्याची नोंद वेगळ्या. मी दुसऱ्याची एकपानी प्रत छापून घेतली आणि पहिल्यातली वाडी पुसायला लावून दिली. प्रिंटर कण्हत कण्हत पान बाहेर टाकत होता तोवर सर खिडकीबाहेर बघत राहिले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तुडीलला गेले. नंदू माझ्या पोटाशी बांधलेली. सावित्री नदीच्या कडेने रिक्षा वाडीत उतरली तेव्हा सारिका अंगणात भांडी घासत होती. माझ्याच वयाची, एखाद वर्ष कमी. उठली नाही.

"आईने सांगितला मला," ती म्हणाली. "बस."

मी ओट्यावर बसले. माफी मागायची वाक्यं मी रिक्षात जुळवली होती. पहिलंच अर्धं बोलले असेन.

"ताई, एक सांग. वाडी लिहून घेतलीस तवा तुला कललं नाय का? खालची बौद्धवाडी. अजून काय लिहायचं ऱ्हायलं होतं? जात लिहिलीस, घर लिहिलंस, आनि वर म्हनतेस नाव नाय लिहिलं."

"मला सुचलं नाही."

"सुचला नाय." तिने पातेलं पालथं घातलं. "तुला सुचायची गरज कधी पडली? आमाला शाळेपासून म्हाईत हाय. फारमात वाडी विचारली की समजायचं काय विचारतात."

 नंदूने तिच्याकडे हात केला. सारिकाने बघितलं, आणि नजर काढून घेतली. तिला त्या नजरेचीही आता चोरी झाली होती. लेकराकडे बघितलं तरी वाडी अर्थ लावणार.

"तू विचारशील म्हनून वाट बघतेय," ती म्हणाली. "सगले विचारतात. हाय की नाय?"

"नाही विचारत."

"बरा. विचारलास असता तर हाकलली असती." ती हात धुऊन उठली. "मी कुनाला सांगनार नाय. तुला नाय, आईला नाय, त्या दीपेसला तर नायच. हाय म्हनलं तर काम गेलं. नाय म्हनलं तर उद्या दुसरीला विचारतील आनि तिलापन सांगायला लागंल. ज्या दिवशी सांगायचा त्या दिवशी मी सांगेन, ज्याला सांगायचा त्याला."

"मग मी काय करू?"

"माफी नको मला. माफीनं बस थांबत नाय. आज दुसऱ्या पाळीला चल. सगल्यांसमोर सांग, त्याला कललं कसं. तो म्हनतो ‘आमाला कलतंय’, जसा काय देव अंगात येतो. ते एकदा मोडून टाक."

*

दुसऱ्या पाळीची बस फाट्यावर सव्वादोनला येते. बायका पिंपळाच्या सावलीत बसलेल्या असतात, डबे मांडीवर, डोक्याला रुमाल. दीपेश बुलेटला टेकून यादी वाचत होता. मला पाहून सरळ झाला.

"मॅडम! माझं लॉगिन चालत नाही कालपासून. तुम्हाला सांगणारच होतो."

"मीच बंद केलंय."

"का बरं?" मग त्याला माझ्या मागे सारिका दिसली. "हां. हे असं आहे होय."

मी कागद काढला. माझा आवाज एवढा चढेल असं मलाच वाटलं नव्हतं. नंदू दचकली आणि माझा कुडता घट्ट धरून बसली. "दीपेश, सोमवारी अकरा वीसला तुम्ही आमचं पान उघडलंत. गरोदरपणाच्या प्रश्नावर कोण थांबलं ते शोधलंत. अकरा बावीसला सारिकाची वाडी लावलीत. त्यानंतर चौदा वाड्या लावल्यात. हे सगळं इथे छापलेलं आहे."

"मी कोणाचं नाव घेतलं का? त्यात नाव नाहीच."

"नाव नाही. म्हणून तर वाडी लावलीत."

 ललिताबाई, पाचाडकडची, पन्नाशीची, सर्वांत जुनी कामगार, डबा बाजूला ठेवून उठली. "कंचा प्रश्न गो? तो सहावा?"

"हो. तो पडदा तुमच्यासमोर उघडला आणि तुम्ही पुढे गेला नाहीत, तर तेवढं ह्यांना दिसत होतं. कुठल्या वाडीतून, किती वाजता."

"पन आमी काय दाबलाच नाय!"

"न दाबलेलंच दिसत होतं," मी म्हटलं. "तसं मी ठेवलं होतं. चूक माझी आहे. कालपासून ते पुसलंय. पण ह्यांनी त्यावरून हिचं काम काढलं."

एक मुलगी म्हणाली, "मी तर नातेवाईक आले म्हनून फोन ठेवला." दुसरी म्हणाली, "माज्या फोनचा चार्जिंग गेला तितंच." तिसरी काही बोलली नाही, नुसती ओढणीचं टोक पिळत राहिली. तिच्याकडे मी मुद्दाम बघितलं नाही.

ललिताबाई दीपेशच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "मीपन थांबली होती रं तितं. चष्मा नव्हता. म्हंजे मलापन दिवस गेले का? सांग की. तुला सगला कलतंय ना? पोरगा का पोरगी?"

बायका खदखदून हसल्या. दीपेशचे कान लाल झाले.

"ललितामावशी, मस्करी नको. पावडर धोक्याची असते. तिच्याच भल्यासाठी केलं मी. काही झालं असतं तर कोण जबाबदार?"

सारिका पहिल्यांदा बोलली. "पावडर एवढी वाईट हाय, तर मग बाकीच्यांच्या नाकात काय भात शिजतो? मास्क मागून मागून तोंड दुखला. तवा भला नाय आठवला?"

"बरं, मग सांग ना सरळ. नाही म्हण, आत्ता चढ बसमध्ये. मी काय अडवत नाही."

"नाय सांगनार."

"म्हणजे आहे."

"म्हंजे नाय सांगनार," ती म्हणाली. "तुझ्या बायकोला विचारलेलं चालंल का मी फाट्यावर? सगल्यांसमोर?"

बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं आणि हॉर्न दिला. पावणेतीनला गेटवर अंगठा लागतो. दीपेशने यादी वर केली आणि पहिलं नाव वाचलं. त्या नावाची मुलगी उठली, दोन पावलं चालली, आणि ललिताबाईने नुसतं तिच्याकडे पाहिलं. ती थांबली.

दुसरं नाव वाचलं. कोणी हललं नाही. सगळ्या मात्र थांबल्या नाहीत, खरं ते सांगते. मागच्या बाजूने पाच-सहा जणी मान खाली घालून बसमध्ये चढल्या, त्यातल्या एकीने जाताना सारिकाच्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "मला परवडत नाय गो." सारिका म्हणाली, "जा तू." आणि त्यात राग नव्हता.

ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला. "ओ दीपेश, काय सत्यनारायण घातलाय काय? गेट बंद होईल माझं!"

दीपेश जरा लांब जाऊन फोनवर बोलला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, फक्त "हो साहेब, हो, अर्ध्या नाहीयेत, हो" एवढं. परत आला तेव्हा त्याने यादीवर पेनाने काहीतरी लिहिलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"सारिका. चढ."

"आज का रोज?"

"रोज."

"आनि त्या चौदा वाड्या लावल्यास, त्यातल्या कुनाला काढलास?"

त्याने यादीची घडी घातली. मग म्हणाला, "दोघी. त्यांनाही बोलावतो."

"उद्याच्या यादीत दिसूदे," ललिताबाई म्हणाली आणि पदर खोचून बसची पायरी चढली.

सारिका शेवटी चढली. पायरीवर पाय ठेवून वळली. मला वाटलं आता काहीतरी बरं बोलेल. ती म्हणाली, "फारम परत भरायला लागंल का?"

"हो. पण तो प्रश्न मी काढायला लावणार आहे. आणि वाडी फक्त बसच्या मार्गासाठी, दुसरीकडे कुठे जाणार नाही."

"तू म्हनतेस," ती म्हणाली. "मागच्या टायमालापन तूच म्हनली होतीस." आणि आत गेली.

बस गेली. दीपेशने बुलेट सुरू केली, माझ्यावर धूर सोडला आणि गेला. मी पिंपळाखाली बसून नंदूला पाजायला घेतलं. राग उतरला नव्हता. माझ्यावरचा, त्याच्यावरचा, त्या रकान्यावरचा, सगळा तसाच होता आणि नंदू मात्र डोळे मिटून, एका हाताने माझी बांगडी फिरवत, शांतपणे पीत होती. तिला ह्यातलं काही कळायला नको, असं वाटलं. लगेच वाटलं, नको कसं? कळायलाच हवं. पण तिच्या वेळेला, तिला हवं तेव्हा.

फोन वाजला. हर्षद सर.

"एजन्सीच्या मालकाचा फोन होता. फाट्यावर तू बायकांना भडकवलंस म्हणाले."

"मी कागद वाचून दाखवला."

"ठीक आहे, ते नंतर बघू. प्रश्न काढायला तयार झालेत, तुला सांगायचं होतं. पण त्यांना एक माहिती हवीये. बसमध्ये न चढता थांबल्या त्या कोण कोण होत्या? तू तिथे होतीस. नावं पाठव मला."

मला सगळ्यांची नावं माहीत होती. कोणाच्या वाडीत किती घरं, तेही.

"अकरा होत्या," मी म्हटलं.

"नावं, अंकिता."

"अकरा, सर."